पासवर्ड बरोबर आहे, सर्व्हर दुसरा आहे

ब्राउझरमध्ये लॉगइन होतं, फोनवरच्या ॲपमध्ये होत नाही. पत्ता तोच, पासवर्डही तोच. अशा वेळी माणूस आधी स्वतःच्या बोटांवर शंका घेतो, मग पासवर्डवर, आणि शेवटी पासवर्ड बदलून टाकतो. नवा पासवर्ड ब्राउझरमध्ये लगेच चालतो. फोन मात्र पुन्हा तेच सांगतो, युजरनेम किंवा पासवर्ड चुकीचा. खातं एका देशात उघडलेलं असेल आणि फोनवरचं सेटिंग दुसऱ्या देशाचं असेल, तर हा खेळ कितीही दिवस चालू राहू शकतो, कारण चूक पासवर्डमध्ये नसतेच.

झोहो मेलच्या उदाहरणावरून हे नीट समजतं. श्रीधर वेंबूंच्या या चेन्नईच्या कंपनीची मेल सेवा आता महाराष्ट्रातले अनेक छोटे व्यावसायिक स्वतःच्या डोमेनसाठी वापरतात. झोहोने जगभरच्या ग्राहकांना एका जागी ठेवलेलं नाही. अमेरिका, युरोप, भारत, ऑस्ट्रेलिया, जपान अशा प्रदेशांची डेटा सेंटर वेगवेगळी आहेत. भारतातल्या खात्यांची माहिती मुंबई आणि चेन्नईत राहते, युरोपातल्यांची ॲमस्टरडॅम आणि डब्लिनमध्ये. खातं कुठल्या प्रदेशात जाणार हे ते उघडताना निवडलेल्या देशावरून ठरतं. त्यामागे मोठं कारण कायद्याचं आहे. युरोपचा डेटा संरक्षणाचा कायदा मे 2018पासून लागू झाला आणि युरोपातल्या लोकांची माहिती युरोपाबाहेर नेण्यावर त्याने बऱ्याच अटी घातल्या. ग्राहकाची माहिती त्याच्याच प्रदेशात ठेवली की कंपन्यांची त्या अटींतून बरीचशी सुटका होते.

ही विभागणी फक्त मेलच्या साठ्यापुरती नसते, खात्यांची नोंदवहीसुद्धा वेगळी असते. युरोपात उघडलेल्या खात्याचा पासवर्ड ताडून पाहण्यासाठी लागणारी नोंद युरोपातच असते. भारतातल्या मेल सर्व्हरला ते खातं माहीतच नसतं. निफाडच्या गटाचा सातबारा दिंडोरीच्या तलाठ्याकडे मागावा, तसं हे आहे. कागद खरा असतो, मालकही खरा असतो, फक्त त्या दप्तरात त्याची नोंद नसते.

समजा, नाशिकची एक इंटिरियर डिझायनर काही वर्षं म्युनिकला होती. तिथे तिने स्वतःच्या डोमेनवर झोहोचं पैसे भरून घेतलेलं मेल खातं सुरू केलं. खातं उघडताना देश जर्मनी होता. आता ती नाशिकला परत आली आहे, नवा आयफोन घेतला आहे आणि फोनच्या मेल ॲपमध्ये खातं जोडायचं आहे. ओळखीच्या एका सीएच्या ऑफिसातही झोहोच आहे. त्यांनी सेटिंग व्हॉट्सॲपवर पाठवलं. येणाऱ्या मेलसाठी सर्व्हर `imappro.zoho.in`, पोर्ट 993, एसएसएल चालू. सीएंच्या खात्यासाठी हे सेटिंग अगदी बरोबर आहे. तिच्या फोनवर मात्र ते लॉगइन होऊ देत नाही.

ती लॅपटॉपवर बसते, ब्राउझरमध्ये झोहोचं भारतातलंच पान उघडते आणि सहज आत जाते. मग युरोपातलं खातं भारतातल्या पानावरून कसं उघडलं? इथे ॲड्रेस बारवर नजर ठेवावी लागते. लॉगइनचं पान पहिल्यांदा फक्त ईमेल पत्ता विचारतं, पासवर्ड नंतर. मधल्या क्षणात हा पत्ता कुठल्या प्रदेशातला आहे याचा शोध घेतला जातो, आणि तो आपल्या प्रदेशातला नसेल तर ब्राउझरला दुसरीकडे वळवलं जातं. ॲड्रेस बारमधलं `accounts.zoho.in` जाऊन तिथे `accounts.zoho.eu` येतं. पासवर्ड टाइप होतो तो युरोपच्या पानावर, आणि आत गेल्यावर दिसतं `mail.zoho.eu`. वेबला एका पत्त्यावरून दुसऱ्या पत्त्यावर धाडणं अंगवळणी पडलेलं आहे. पान बदलतं, वापरणाऱ्याच्या लक्षातही येत नाही.

फोनमधलं मेल ॲप वेबची भाषा बोलत नाही. ते आयमॅप नावाच्या जुन्या पद्धतीने बोलतं. ही पद्धत मार्क क्रिस्पिन यांनी 1986च्या सुमारास स्टॅनफर्डला असताना आखली. त्या काळी आपला मेल कुठल्या सर्व्हरवर आहे हे वापरणाऱ्याला ठाऊकच असायचं, म्हणून ॲपला सर्व्हरचं नाव आपणच द्यायचं आणि त्याने थेट त्याच सर्व्हरशी बोलायचं असं ठरलं. हे संभाषण साधारण असं होतं:

```
a1 LOGIN name@example.com ********
a1 NO [AUTHENTICATIONFAILED] Invalid credentials
```

युजरनेम आणि पासवर्ड एकाच ओळीत जातात. ‘आधी पत्ता सांगा, मग बघतो’ असा मधला थांबा इथे नाही. उत्तरही मोघम आहे. नाव माहीत नाही की पासवर्ड जुळला नाही, हे सर्व्हर सांगत नाही, आणि ते मुद्दाम सांगत नाही. तसं सांगितलं, तर हजारो पत्ते एकामागून एक टाकून कोणती खाती खरी आहेत हे कुणालाही काढता येईल. आयफोन हे उत्तर घेतो आणि पडद्यावर लिहितो: The user name or password for “imappro.zoho.in” is incorrect. उत्तराचा धागा याच वाक्यात, अवतरणचिन्हांत आहे. सर्व्हरचं नाव तिथे छापलेलं असतं, पण आपण वाचतो ते फक्त शेवटचं incorrect.

असं वळवणं आयमॅपमध्ये कुणाला सुचलंच नव्हतं असं नाही. 1997 साली आरएफसी 2221 या दस्तऐवजात त्याची तरतूद झाली. सर्व्हरने नकार देतानाच ‘हा माणूस त्या दुसऱ्या सर्व्हरवर आहे’ असं कळवायचं. पण ती रुजली नाही. त्यात धोका उघड आहे. सर्व्हर सांगेल तिथे ॲप मुकाट्याने पासवर्ड घेऊन जाऊ लागलं, तर एखादा भामटा सर्व्हर तो भलतीकडे नेऊ शकतो. माझ्या मते सर्व्हरने इथे मोघम राहणं समजण्यासारखं आहे. तक्रार करायचीच तर ॲपबद्दल करावी. ‘सर्व्हरचं नाव एकदा तपासा’ एवढी ओळ त्या संदेशाखाली घालायला फारसं काही लागलं नसतं.

आता आपल्या डिझायनरने काय करायचं? ब्राउझरमध्ये लॉगइन करून मेल उघडायचा आणि ॲड्रेस बारमधली शेवटची अक्षरं वाचायची. `.in` असेल तर भारत, `.eu` असेल तर युरोप, `.com` असेल तर अमेरिका. तिच्याकडे `mail.zoho.eu` दिसतं, म्हणजे फोनवर सर्व्हर `imappro.zoho.eu` हवा. नावातलं pro हे स्वतःच्या डोमेनवरच्या खात्यांसाठी असतं. झोहोनेच दिलेला वैयक्तिक पत्ता असेल तर नुसतं `imap.zoho.eu`. पोर्ट आणि एसएसएल आहे तसंच ठेवायचं. झोहोच्या मदतीच्या पानांवर बऱ्याचदा `.com`चा पत्ता नमुना म्हणून दिलेला असतो. तो तसाच उचलणाऱ्या भारतातल्या खातेदारांचीही हीच अडचण होते, परदेशी न जाता. झोहोचं स्वतःचं मेल ॲप घेतलं तर हा प्रश्न सहसा येत नाही, कारण ते लॉगइनसाठी वेबचंच पान उघडतं आणि वळण आपोआप घेतं.

सर्व्हर बदलल्यावरही लॉगइन झालं नाही, तर या वेळचा नकार नीट वाचायचा. आयमॅप सुरू केलेलं नाही अशा अर्थाचा संदेश आला, तर ती एका अर्थी चांगली बातमी आहे. सर्व्हरने खातं ओळखलं, म्हणजे प्रदेश बरोबर आहे. आता ब्राउझरमधून मेलच्या सेटिंगमध्ये जाऊन आयमॅप चालू करायचं. स्वतःच्या डोमेनसाठी मोफत योजना घेतलेल्यांना मात्र आयमॅप मिळत नाही, त्यांनी झोहोचंच ॲप वापरावं. पुन्हा तोच मोघम नकार आला, तर खात्यावर दुहेरी पडताळणी लावलेली आहे का ते पाहायचं. ओटीपी विचारायला आयमॅपमध्ये जागाच नाही, म्हणून नेहमीचा पासवर्ड तिथे चालत नाही. `accounts.zoho.eu`वर सुरक्षेच्या विभागात जाऊन त्या ॲपसाठी वेगळा पासवर्ड तयार करावा लागतो. इथेही शेवटची अक्षरं युरोपचीच. हे तपासण्याआधी नेहमीचा पासवर्ड पुन्हा पुन्हा बदलण्यात किंवा ‘परत प्रयत्न करा’ दाबत राहण्यात अर्थ नाही. सतत चुकीचे प्रयत्न झाले तर सर्व्हर काही काळ तुमच्याकडून येणारी लॉगइन अडवू शकतो, आणि मग बरोबर सेटिंगही चुकीचं वाटू लागतं.

मग ती खात्याच्या प्रोफाइलमध्ये देश जर्मनीऐवजी भारत करून पाहते. त्याने काहीच होत नाही, कारण ती नोंद बदलली तरी खातं जागचं हलत नाही. एका प्रदेशातून दुसऱ्यात नेणं म्हणजे सगळा मेल, डोमेनची नोंदणी आणि खातं एका डेटा सेंटरमधून उचलून दुसऱ्यात बसवणं. ते एका बटणाने होत नाही, कंपनीकडे विनंती करावी लागते. केलंच, तर डोमेनच्या एमएक्स नोंदीही बदलाव्या लागतात, कारण जगाकडून येणारा मेल कुठे उतरवायचा हे त्या नोंदी सांगतात आणि त्यांत `mx.zoho.eu` लिहिलेलं असतं. पत्ता तोच ठेवून मेल वापरायचा एवढंच काम असेल, तर खातं युरोपात राहू द्यावं. नाशिकमधून ते वापरायला काहीच आडकाठी नाही.

राहता राहिला जाणारा मेल. अनेकजण `imappro`ची ओळ दुरुस्त करतात, इनबॉक्स भरलेला दिसतो आणि काम झालं असं समजून फोन खिशात टाकतात. पण मेल पाठवण्याचा सर्व्हर वेगळा असतो आणि त्याचं सेटिंगही वेगळ्या पानावर असतं. तिथे अजून `smtppro.zoho.in`च असेल, तर लिहिलेली पत्रं आउटबॉक्समध्ये अडकून राहतात. तिथेही `smtppro.zoho.eu` हवं, पोर्ट 465 आणि एसएसएल. शेवटी स्वतःलाच एक मेल पाठवायचा. तो गेला आणि आलाही, तर दोन्ही ओळी बरोबर आहेत.