कानाच्या यंत्राचा सेल की चार्जिंग?

आजोबांसाठी कानाचं यंत्र घेताय? मग दुकानातच त्यांना सेल स्वतः बदलून पाहायला सांगा.

तपकिरी पट्टीचा ३१२ नंबरचा सेल जेमतेम ८ मिलिमीटर रुंद असतो. पट्टी सोलायची, काही मिनिटं हवा लागू द्यायची, मग योग्य बाजूनं बसवायचा. थरथरत्या बोटांना हे दर आठवड्या-दीड आठवड्याला करावं लागतं. उलटा बसला तर झाकण नीट बंद होत नाही. जोर केला की बिजागरी तुटते. नजर अधू असेल तर सेल गोळ्यांच्या डबीजवळ ठेवूच नका, औषध समजून गिळला जातो. (तसं झालं तर थेट दवाखाना!)

चार्जिंगचं यंत्र रात्री डबीत ठेवलं की झालं. फक्त ते नीट बसलंय का, हे बारीक दिव्यावरून कळतं, आणि तोच अंधुक नजरेला दिसत नाही. चुंबकानं आपोआप बसणारी डबी असेल तर उत्तम. बॅटरी काही वर्षांनी दमते, बदलायला बहुधा कंपनीकडेच जावं लागतं. गावी रात्रभर वीज जात असेल तर स्वतःची बॅटरी असलेली डबी मागा.

हात कापत असतील तर माझं मत चार्जिंगलाच. सेलच हवा असेल तर जाडसर १३ नंबर आणि टोकाला चुंबक असलेली काडी घ्या.