ऑनलाइन कोर्सचं गणित कुठे बसतं

समजा, सांगलीत कॉमर्सचे क्लास घेणाऱ्या एका बाईंना टॅली आणि जीएसटी मराठीतून शिकवणारा बारा तासांचा रेकॉर्डेड कोर्स काढायचा आहे. फी २,००० रुपये. पुढचे आकडे मी अंदाजाने धरले आहेत. तुमचे वेगळे असतील, पण हिशेबाची रीत हीच राहील.

आधी कंटेंटचा खर्च. एक तासाचा तयार व्हिडिओ म्हणजे मांडणी, रेकॉर्डिंग आणि तपासणी मिळून बाईंचे आठ तास. तासाला ४०० रुपये धरले तर ३,२०० आणि एडिटिंगचे १,८००. बारा तासांचे झाले ६०,०००. माइक, लाइट आणि सरावाच्या नोट्स यांचे १५,०००. ‘माझ्या वेळेचे कसले पैसे’ असं म्हणून बहुतेक जण यातला मोठा आकडा गाळतात आणि कोर्स फायद्यात आहे असं समजून चालतात. त्यात स्वतःच्या नावाचं ॲप भाड्याने घेण्याचे वर्षाला २४,००० मिळवले की एकूण ९९,००० रुपये.

आता एका विद्यार्थ्यामागे काय उरतं ते पाहू. पेमेंट गेटवे साधारण दोन टक्के आणि त्या शुल्कावर जीएसटी घेतो, म्हणजे ४७ रुपये. शंका सोडवायला ठेवलेल्या मदतनिसाचे २०० धरू. खरा खर्च आहे तो विद्यार्थी मिळवण्याचा. फेसबुक-इन्स्टाग्रामवर मोफत वेबिनारची जाहिरात दिली आणि एका नोंदणीला ४० रुपये पडले, तर शंभर नोंदण्यांचे ४,०००. १८ टक्के जीएसटी धरून ४,७२०. शंभरातले तीस जण वेबिनारला आले आणि तिघांनी फी भरली, तर एक विद्यार्थी १,५७३ रुपयांना पडला. सगळं वजा जाता हातात राहतात १८० रुपये. ९९,००० भरून यायला साडेपाचशे विद्यार्थी हवेत. फी जमा होईल अकरा लाख आणि नफा शून्य.

यापेक्षा उडेमीवर कोर्स टाकणं बरं, असं वाटणं साहजिक आहे. तिथे आपल्या कुपनवरून विक्री झाली तर ९७ टक्के आपले, पण उडेमीने स्वतः ग्राहक आणला तर ३७ टक्केच. ४९९ रुपयांच्या विक्रीत कर सोडून १८५ रुपये. रक्कम जवळपास तेवढीच आणि जाहिरातीची जोखीम नाही. मात्र विद्यार्थ्याचा फोन नंबर आपल्याला मिळत नाही. तो मध्येच थांबला तर त्याला फोन करून विचारायची सोय नाही.

इथेच हा धंदा तरतो किंवा बुडतो. हार्वर्ड आणि एमआयटी यांच्या मोफत ऑनलाइन कोर्सचा अभ्यास २०१९ मध्ये ‘सायन्स’मध्ये आला. २०१७-१८ मध्ये नाव नोंदवलेल्यांपैकी जेमतेम ३ टक्क्यांनी कोर्स पुरा केला होता. प्रमाणपत्रासाठी पैसे भरलेल्यांमध्येही हे प्रमाण ४६ टक्केच होतं.

अर्ध्यात सोडलेला विद्यार्थी कोणालाही कोर्स सुचवत नाही. पुरा करून नोकरीला लागलेला मात्र आपल्या भावाला, मैत्रिणीला सांगतो. आता बाईंनी दर रविवारी लाइव्ह शंकासत्र ठेवलं आणि आठवडाभर न दिसलेल्यांना फोन करायला माणूस नेमला, तर विद्यार्थ्यामागचा हा खर्च २०० वरून ३५० होईल. पण त्यामुळे चारातला एक विद्यार्थी ओळखीतून येऊ लागला, तर जाहिरातीचा सरासरी भार १,१८० वर उतरतो आणि हातात ४२३ रुपये राहतात. मग खर्च भरून यायला २३५ विद्यार्थी पुरतात. खर्च वाढवूनही पल्ला निम्म्याहून कमी झाला.

विद्यार्थी कुठे थांबतात हे ॲपमध्ये दिसतं. प्रत्येक व्हिडिओ किती जणांनी पुरा पाहिला ते आठवड्याला पाहावं. एकाच धड्यावर गळती दिसली तर बहुधा विद्यार्थी आळशी नसतात, धड्यात काहीतरी अडलेलं असतं. टॅलीचंच उदाहरण घ्या. घरी सराव करणारा विद्यार्थी सॉफ्टवेअर फुकटच्या एज्युकेशनल मोडमध्ये वापरतो आणि त्यात महिन्याच्या १, २ अशा मोजक्याच तारखांच्या नोंदी होतात. धड्यात १५ एप्रिलचं व्हाउचर असेल तर त्याच्या संगणकावर ते होत नाही. आपलंच काही चुकलं असं समजून तो तिथेच थांबतो. सरावाच्या सगळ्या नोंदी १ तारखेच्या ठेवल्या की ही गळती थांबते. असे अडथळे कॅमेऱ्यासमोर एकट्याने बोलताना कळत नाहीत.

म्हणून कोर्स काढणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे. रेकॉर्डिंगवर रुपया घालण्याआधी ओळखीतल्या वीस जणांची एक तुकडी फी घेऊन लाइव्ह शिकवा. त्यातले निम्मेही शेवटपर्यंत पोचले नाहीत, तर जाहिरात देऊ नका. आधी धडे बदला.