कधीच समोरासमोर न आलेली औषधं

दोन औषधं. दोघांची एकमेकांशी तुलना करणारी एकही मोठी चाचणी झालेली नाही. तरीही त्यांतलं सरस कोणतं, हे कागदावर आकडेमोड करून सांगता येईल का? ऐकताना अशक्य वाटतं, पण येतं. आणि ते कसं येतं हे समजलं की पाठोपाठ दुसरा, त्याहून खोल प्रश्न उभा राहतो : या उत्तरावर विश्वास कधी ठेवायचा?

एक खरं उदाहरण घेऊ. एट्रियल फिब्रिलेशन या विकारात हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरत राहतात. तिथे रक्त साचून गुठळी होते आणि ती मेंदूकडे गेली की पक्षाघात होतो. तो टाळायला कित्येक दशकं वॉरफरिन हेच औषध दिलं जात होतं. मग २००९ ते २०११ या काळात तीन नव्या औषधांच्या मोठ्या चाचण्या जाहीर झाल्या. डॅबिगॅट्रानची ‘री-लाय’ (१८,११३ रुग्ण), रिव्हरॉक्साबानची ‘रॉकेट-एएफ’ (१४,२६४ रुग्ण) आणि अपिक्साबानची ‘ॲरिस्टॉटल’ (१८,२०१ रुग्ण). तिन्ही नवी औषधं वॉरफरिनशी भिडली, एकमेकांशी नाही. दवाखान्यात मात्र वेगळाच प्रश्न विचारला जात होता : ‘डॉक्टर, या नव्या गोळ्यांपैकी कोणती घेऊ?’

सरळ आकडे शेजारी ठेवले तर? री-लायमध्ये १५० मिलिग्रॅम डॅबिगॅट्रान दिवसातून दोनदा घेणाऱ्यांत पक्षाघात किंवा शरीरात अन्यत्र गुठळी अडकण्याचं प्रमाण वर्षाला १.११ टक्के होतं. रॉकेटमध्ये रिव्हरॉक्साबान घेणाऱ्यांत ते सुमारे २.१ टक्के होतं. म्हणजे डॅबिगॅट्रान जवळजवळ दुप्पट चांगलं! थांबा. त्याच चाचण्यांतल्या वॉरफरिनच्या गटांकडे बघा. री-लायमध्ये वॉरफरिन घेऊनही वर्षाला १.६९ टक्के लोकांना हा त्रास झाला, रॉकेटमध्ये सुमारे २.४ टक्के लोकांना. औषध तेच, पण रॉकेटमधले रुग्ण मुळातच जास्त धोक्यातले होते. नुसते आकडे शेजारी ठेवून आपण औषधांची नव्हे, रुग्णांची तुलना करत होतो.

यावरचा उपाय इतका साधा आहे की पहिल्यांदा वाचताना विश्वासच बसत नाही. प्रत्येक औषधाला आधी त्याच्याच चाचणीतल्या वॉरफरिनशी ताडून बघायचं आणि मग त्या दोन गुणोत्तरांची तुलना करायची. डॅबिगॅट्रानने वॉरफरिनच्या तुलनेत धोका ०.६६ पट केला. रिव्हरॉक्साबानने, सर्व रुग्ण मोजले तर, ०.८८ पट. ०.६६ ला ०.८८ ने भागा, ०.७५ येतात. म्हणजे रिव्हरॉक्साबानच्या तुलनेत डॅबिगॅट्रानवर धोका पाऊणपट. वॉरफरिन दोन्हीकडे होतं म्हणून भागाकारात ते गळून पडलं, आणि त्याच्याबरोबर रुग्णांच्या मूळ धोक्यातला फरकही बराचसा गळला. बुखर आणि सहकाऱ्यांनी १९९७ साली मांडलेली पद्धत ती हीच.

हा भागाकार फुकट मात्र मिळत नाही. दोन्ही चाचण्यांची अनिश्चितता उत्तरात येऊन साठते. म्हणून ०.७५ हा आकडा एकटा उभा राहत नाही. त्याच्याभोवती ०.५७ ते ०.९८ अशी विश्वास-मर्यादा आहे. फरक आहे, पण अगदी काठावरचा. गणित सांगतं की समोरासमोरची एक चाचणी जितकं नेमकं उत्तर देते, तितकंच नेमकं उत्तर अशा आडवाटेने मिळवायला साधारण चौपट रुग्ण लागतात.

आता हीच कल्पना ताणून बघा. प्रत्येक औषध म्हणजे एक ठिपका आणि प्रत्यक्ष तुलना झालेल्या दोन औषधांमध्ये एक रेघ. ठिपके वाढले की जाळं तयार होतं आणि मग प्रत्येक जोडीचा अंदाज थेट रेघेवरून आणि आडवाटांवरून एकाच वेळी बांधता येतो. हेच नेटवर्क मेटा-ॲनालिसिस. २०१८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये नैराश्यावरच्या २१ औषधांचं असं जाळं प्रसिद्ध झालं, त्यात ५२२ चाचण्या होत्या. एकवीस औषधांच्या जोड्या होतात २१०! प्रत्येक जोडीसाठी वेगळी चाचणी कोण करणार?

पण या सगळ्या डोलाऱ्याखाली एक गृहीतक आहे, ट्रान्झिटिव्हिटीचं. दोन गावांतल्या दुकानदारांनी आपापला माल एक किलोच्या वजनाशी तोलला, तर दोन्ही माल एकत्र न आणताही जड कोणता ते सांगता येतं. अट एकच : दोन्ही दुकानांतलं किलो खरोखर तेच किलो हवं. एका ठिकाणचं वजन झिजलेलं असेल, तर तिथला माल उगाच भारी ठरणार.

वॉरफरिन हे आपलं किलो. ते दोन्ही चाचण्यांत सारखं होतं का? वॉरफरिनची मात्रा रक्ताच्या आयएनआर तपासणीवर ठरते आणि हा आकडा २ ते ३ च्या दरम्यान राहायला हवा. खाली गेला तर गुठळीची भीती, वर गेला तर रक्तस्रावाची. री-लायमध्ये रुग्ण सरासरी ६४ टक्के वेळ या पट्ट्यात होते, रॉकेटमध्ये फक्त ५५ टक्के. रॉकेटच्या भारतातल्या केंद्रांवर तर हे प्रमाण सुमारे ३६ टक्के होतं. गोळीचं नाव एकच, पण औषध म्हणून दोन ठिकाणी तिचं बळ वेगळं.

मग उत्तर मोडीत काढायचं का? इथे दिशेचा विचार करायला हवा, आणि मला या विषयातली सगळ्यात सुंदर पायरी हीच वाटते. झिजलेलं वजन रॉकेटमध्ये होतं. कमकुवत वॉरफरिनसमोर रिव्हरॉक्साबान असल्यापेक्षा चांगलं दिसायला हवं. तरीही भागाकारात ते मागेच राहिलं. म्हणजे निदान हा एक दोष तरी या निकालाचं कारण असण्याची शक्यता कमी आहे.

आता रुग्णांकडे वळू. ट्रान्झिटिव्हिटी तपासायचा एक फार सरळ प्रश्न आहे : या चाचणीतला माणूस त्या चाचणीत जाऊ शकला असता का? समजा, ७६ वर्षांच्या आजी आहेत. त्यांना एट्रियल फिब्रिलेशन आहे, बाकी प्रकृती ठणठणीत. वय ७५ च्या पुढे असल्याने री-लायमध्ये त्यांना प्रवेश मिळाला असता. रॉकेटमध्ये नाही, कारण तिथे आधी पक्षाघात झालेला असणं किंवा किमान दोन जोखमीच्या बाबी असणं ही अट होती. त्याचा परिणाम आकड्यांत दिसतो. री-लायमध्ये साधारण २० टक्के रुग्णांना आधी पक्षाघात किंवा त्याचा तात्पुरता झटका येऊन गेला होता, रॉकेटमध्ये सुमारे ५५ टक्क्यांना.

एवढा फरक दिसला की अनेक जण तिथेच हात वर करतात. पण घाई नको. रुग्ण वेगळे असणं हा स्वतःहून दोष नाही. मूळ धोक्यातला फरक भागाकाराने सांभाळला जातो, हे आपण पाहिलंच. घात तेव्हा होतो, जेव्हा तो फरक औषधाच्या सापेक्ष परिणामालाच बदलतो. आधी पक्षाघात झालेल्यांत नवं औषध वॉरफरिनच्या तुलनेत कमी सरस ठरत असेल, तर असे रुग्ण जास्त असलेल्या रॉकेटवर अन्याय होईल.

ते तपासता येतं का? येतं! दोन्ही चाचण्यांतून फक्त आधी पक्षाघात किंवा त्याचा तात्पुरता झटका येऊन गेलेले रुग्ण घ्यायचे आणि भागाकार पुन्हा करायचा. री-लायच्या अशा रुग्णांत डॅबिगॅट्रानचं गुणोत्तर ०.७५, रॉकेटमध्ये रिव्हरॉक्साबानचं ०.९४. भागाकार ०.८०. मर्यादा मात्र ०.५२ ते १.२१ इतकी पसरली. २०१२ मध्ये ‘बीएमजे’त प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणाने याच वाटेने जाऊन, अशा रुग्णांत तिन्ही औषधांची परिणामकारकता साधारण सारखी असल्याचा निष्कर्ष काढला. मी तो जपून वाचतो. मधला अंदाज ०.७५ वरून ०.८० वर, म्हणजे जेमतेम हलला आहे. फरक मिटल्याचं इथे सिद्ध होत नाही, रुग्ण कमी झाल्याने तो दिसेनासा झाला आहे.

आणखी एक गोष्ट चुटपुट लावते. री-लायमध्ये आपण वॉरफरिन घेतोय हे रुग्णांना आणि डॉक्टरांना ठाऊक होतं, रॉकेटमध्ये दोघांनाही माहीत नव्हतं. शिवाय रॉकेटनेच दुसऱ्या पद्धतीने, म्हणजे नियमानुसार औषध घेणाऱ्यांपुरतं मोजून, ०.७९ हा आकडा दिला होता. तो घेतला तर भागाकार ०.८४ येतो आणि मर्यादा १ ओलांडते. कुठला आकडा उचलायचा, हे आधीच ठरवून लिहून ठेवलं नसेल तर हवं ते उत्तर काढता येईल.

या जाळ्यात वॉरफरिन मध्ये आणि बाकीची औषधं भोवताली आहेत. नव्या औषधांना आपसांत जोडणारी रेघच नाही, म्हणून आडवाटेचं उत्तर थेट उत्तराशी ताडून पाहायची सोय नाही. जिथे अशी रेघ असते आणि त्रिकोण पूर्ण होतो, तिथे काय दिसतं? बुखर यांच्या त्याच १९९७ च्या लेखात एक उदाहरण आहे. एचआयव्हीबाधितांना होणारा न्यूमोसिस्टिस न्यूमोनिया टाळण्यासाठी दोन उपचार होते : ट्रायमेथोप्रिम-सल्फामेथॉक्साझोल, आणि डॅप्सोन-पायरिमेथामिन. दोघांची थेट तुलना झालेली होती आणि पेंटामिडिनच्या आडवाटेनेही करता येत होती. पहिला उपचार दोन्ही वाटांनी सरस ठरला : त्याचं गुणोत्तर थेट तुलनेत ०.६४ आलं, आडवाटेने ०.३७. दिशा एकच, पण फायदा कितीतरी फुगलेला! तरीही दोन आकड्यांमधल्या तफावतीची सांख्यिकी चाचणी घेतली, तेव्हा पी-मूल्य आलं ०.११. म्हणजे एवढी मोठी तफावतही निव्वळ योगायोगाची नाही, असं ठामपणे म्हणता येईना. अशा चाचणीत विसंगती आढळली नाही, याचा अर्थ ती नाहीच असा घ्यायचा नसतो.

डॅबिगॅट्रान आणि रिव्हरॉक्साबानबद्दल माझं मत असं : पक्षाघात टाळण्यात डॅबिगॅट्रान किंचित पुढे असण्याची शक्यता आहे, पण या तीन चाचण्यांच्या बळावर त्याला पहिला नंबर देण्याइतका पुरावा नाही. औषधांची अशी क्रमवारी कुठे वाचलीत, तर नंबर बघण्याआधी प्रत्येक चाचणीतल्या रुग्णांचं वय, आजाराची तीव्रता आणि तुलनेचं औषध नीट दिलं गेलं की नाही, हे सांगणारा तक्ता शोधा. तो तक्ताच दिलेला नसेल, तर त्या क्रमवारीवर विसंबू नका.