नाक एकाचे, डोळे दुसऱ्याचे

दोन व्यक्तींचे फोटो नमुना म्हणून देऊन संगणकाकडून दोघांचे एकत्र चित्र करून घेतले, की बहुतेकदा एक ठराविक बिघाड दिसतो. चित्रात माणसे दोन असतात, पण दोघांपैकी कोणीच धड स्वतःसारखे नसते. समजा, एक फोटो सत्तरीतल्या आजोबांचा आहे. लांबट चेहरा, पांढऱ्या झुपकेदार मिशा, जाड काळ्या फ्रेमचा चष्मा. दुसरा त्यांच्या विशीतल्या नातीचा आहे. गोल चेहरा, कुरळे केस, डोळ्यांवर चष्मा नाही. दोघे बाकावर शेजारी बसले आहेत असे चित्र मागितले, तर आजोबा पंचावन्नचे होऊन येतात आणि नात पस्तिशीची. तिच्या डोळ्यांवर चष्मा चढतो, वरच्या ओठावर मिशीची पुसट सावली उमटते आणि आजोबांची हनुवटी गोल होते. एकाचे नाक-डोळे, वय, केस दुसऱ्याच्या चेहऱ्यात उतरण्याची ही सरमिसळ चित्र बनवणाऱ्या मॉडेलच्या रचनेतूनच येते, त्यामुळे पुन्हा पुन्हा प्रयत्न करून ती सहसा जात नाही.

कारण समजण्यासाठी चित्र कसे घडते ते थोडे पाहावे लागते. स्टेबल डिफ्यूजन एक्सएल हे २०२३ साली आलेले मॉडेल उदाहरण म्हणून घेता येईल. ते १०२४ × १०२४ पिक्सेलचे चित्र थेट रंगवत नाही. आतमध्ये १२८ × १२८ घरांची एक जाळी असते आणि तिचे एकेक घर चित्रातल्या ८ × ८ पिक्सेलच्या तुकड्याला जबाबदार असते. सुरुवातीला या घरांमध्ये नुसता गोंधळ भरलेला असतो. तीसेक पायऱ्यांमध्ये तो हळूहळू निवळत जातो. प्रत्येक पायरीवर जाळीतले ठिकाण स्वतः काय व्हायचे हे ठरवण्यासाठी इतरत्र पाहते. लिहून दिलेल्या वर्णनाकडे पाहते, नमुना फोटोकडे पाहते आणि जाळीतल्या इतर ठिकाणांकडेही पाहते. या पाहण्याला अटेन्शन म्हणतात.

फोटो आत नेण्याचे काम आयपी-अडॅप्टरसारखी जोडणी करते. टेन्सेंटच्या संशोधकांनी २०२३ मध्ये ती प्रसिद्ध केली. ती फोटोचा सारांश काढून आकड्यांच्या मोजक्या पुड्या बनवते. मूळ आवृत्तीत अशा चार पुड्या असतात, अधिक तपशील टिपणाऱ्या आवृत्तीत सोळा. चेहऱ्याची ठेवण, वय, केस, चष्मा असे सगळे त्यांत गुंडाळलेले असते. मात्र हा चेहरा चित्रात डावीकडे बसवायचा की उजवीकडे, याचा त्यांत कुठेही उल्लेख नसतो. दोन फोटो दिले की दोघांच्या पुड्या एकाच रांगेत उभ्या राहतात आणि प्रत्येक ठिकाण आपले लक्ष त्या सगळ्यांत वाटून देते. डोळा बनू पाहणाऱ्या ठिकाणाला आजोबांचा डोळाही उपयोगाचा वाटतो आणि नातीचाही. ते थोडे इकडून घेते, थोडे तिकडून. मॉडेलच्या दृष्टीने यात काही चुकलेले नाही. कोणी कोणाकडून घ्यायचे हे त्याला सांगितलेलेच नव्हते.

वर्णनात ‘डावीकडे वृद्ध आजोबा, उजवीकडे तरुण नात’ असे लिहिण्याचा उपाय सर्वांत आधी सुचतो आणि तो अपुरा पडतो. शब्द वेगळ्या वाटेने आत येतात, फोटोच्या पुड्या वेगळ्या वाटेने. शब्दांमुळे एक माणूस डावीकडे आणि एक उजवीकडे बसतो खरा, पण ‘आजोबा’ हा शब्द आणि आजोबांचा फोटो यांची गाठ कोणी बांधलेली नसते. दुसरा सोपा उपाय म्हणजे फोटोचा जोर कमी करणे. त्याने सरमिसळ कमी झाल्यासारखी वाटते, कारण दोन्ही चेहरे आपल्या मूळ माणसांपासून दूर जाऊन कोणातरी तिसऱ्याचेच होतात.

खरा पहिला उपाय मास्कचा. चित्राच्याच मापाचे काळे-पांढरे चित्र करायचे आणि एका फोटोचा प्रभाव जिथे चालेल तेवढाच भाग पांढरा ठेवायचा. दोन फोटोंसाठी असे दोन मास्क लागतात. मग दोन्ही फोटोंच्या पुड्या एका रांगेत उभ्या राहत नाहीत. प्रत्येक फोटोचा परिणाम स्वतंत्र काढला जातो आणि त्याला मास्कने गुणले जाते. काळ्या भागात गुणाकार शून्य येतो, म्हणजे नातीच्या चेहऱ्याच्या जागी आजोबांच्या फोटोचा थेट परिणाम उरतच नाही. डिफ्यूझर्स या प्रोग्रामिंगच्या साधनात ही सोय `ip_adapter_masks` या नावाने आहे, तर कम्फीयूआयमधल्या आयपी-अडॅप्टरच्या नोडवर `attn_mask` अशी जागा दिसते.

मास्क केवढा काढायचा, यावर बरेच अवलंबून असते. नुसत्या चेहऱ्याला चिकटून काढला, तर केस आणि कान त्याच्या बाहेर राहतात आणि नातीच्या कुरळ्या केसांऐवजी कोणतेही सरधोपट केस येतात. म्हणून केसांसकट पूर्ण डोके आणि थोडी मोकळी जागा पांढऱ्यात घ्यावी लागते. पण दोन मास्क एकमेकांना भिडलेलेही चालत नाहीत, आणि यामागे साधे गणित आहे. या मॉडेलमध्ये अटेन्शनचे काम पूर्ण १२८ च्या जाळीवर होत नाही. ते ६४ × ६४ आणि ३२ × ३२ अशा आणखी जाड जाळ्यांवर होते, आणि मास्कही त्याच मापाला आखडला जातो. ३२ च्या जाळीत एक घर म्हणजे चित्रातले ३२ पिक्सेल. आजोबांचा चेहरा १६० पिक्सेल रुंद असेल, तर त्याच्या वाट्याला आडवी जेमतेम पाच घरे येतात. दोघांच्या गालांमध्ये वीसच पिक्सेलचे अंतर असेल, तर मधले एखादे घर दोघांचेही होते आणि गळती तिथूनच सुरू होते. दोन मास्कांमध्ये निदान ६४ पिक्सेल, म्हणजे दोन घरांची मोकळी पट्टी ठेवावी. ती बसत नसेल, तर माणसे थोडी लांब बसवावीत किंवा चौकट जवळून घ्यावी, म्हणजे चेहरे मोठे होतात.

मास्क फोटोचा प्रभाव कुठे चालेल एवढेच सांगतो. माणसाला ओढून तिथे बसवणे त्याच्या हातात नसते. नातीचे डोके ठरलेल्या जागेपासून हातभर सरकले, तर तिचा अर्धा चेहरा आजोबांच्या मास्कमध्ये जातो आणि नाकाच्या रेषेवर दोन माणसे शिवल्यासारखे चित्र येते. हा बिघाड ओळखायला सोपा, पण पुष्कळदा त्याचे खापर मास्कवर फुटते. दोष असतो मांडणीचा. त्यासाठी कंट्रोलनेट वापरतात. खांदे, मान, डोळे, नाक यांच्या ठिपक्यांचा सांगाडा त्याला दिला, की माणसे त्याच जागी बसतात. मास्क याच सांगाड्यावरून काढणे शहाणपणाचे. कोण कुठे बसणार हे पहिल्या काही पायऱ्यांतच पक्के होते, तेव्हा सांगाडा सुरुवातीपासूनच लागू हवा. नंतर जोडून उपयोग नसतो.

एवढे करूनही एक वाट उघडी राहते. नातीचा चष्मा गेला, मिशीची सावली गेली, तरी दोघांच्या पापण्यांची ठेवण आणि त्वचेचा पोत एकसारखा वाटू शकतो. कारण जाळीतली ठिकाणे एकमेकांकडेही पाहत असतात. हे पाहणे गरजेचे असते. त्यामुळेच एका माणसाचे दोन्ही डोळे एकाच रंगाचे होतात आणि दोघांवर ऊन एकाच बाजूने पडते. पण नातीच्या डोळ्याच्या जागेला चित्रात आपल्यासारखी दुसरी जागा सापडते ती आजोबांच्या डोळ्याची, आणि ती तिथूनही उचलते. फोटोच्या वाटेवर बसवलेला मास्क या देवाणघेवाणीला अडवत नाही. २०२४ मध्ये मांडलेल्या ‘बाउंडेड अटेन्शन’ या पद्धतीत नेमके हेच आवरले जाते, एका व्यक्तीच्या ठिकाणांना दुसऱ्या व्यक्तीच्या ठिकाणांकडे पाहण्यास बंदी केली जाते. बंदी जितकी कडक आणि लांबलेली, तितके दोघांवरचे प्रकाश आणि छटा जुळेनाशा होण्याचा धोका वाढतो.

रोजच्या कामात म्हणून वेगळी, कष्टाची पण भरवशाची रीत जास्त चालते. आधी मास्क आणि सांगाडा वापरून पूर्ण चित्र करायचे, मग एकेक चेहरा स्वतंत्रपणे पुन्हा रंगवायचा. नातीच्या डोक्याभोवतीचा चौकोन कापून १०२४ पिक्सेलपर्यंत मोठा करायचा. पूर्वी पाच घरांत मावलेला चेहरा आता वीसेक घरे व्यापतो. या फेरीत फक्त नातीचा फोटो आणि फक्त तिचे वर्णन द्यायचे. बदलाची तीव्रता ०.४ ते ०.६ च्या आसपास ठेवली जाते. ती फार कमी असेल, तर आधीची सरमिसळ तशीच राहते. फार वाढवली, तर मान वेगळी वळते आणि उन्हाची दिशा बदलते. मग तो तुकडा लहान करून, कडा मऊ करून मूळ जागी बसवायचा. चौकोन कापताना आजोबांचा गाल त्यात येणार नाही हे पाहावे लागते. आला, तर शेजारच्याकडे पाहण्याची वाट पुन्हा उघडली.

सरमिसळ खरेच थांबली का, हे नुसत्या नजरेने ठरवणे अवघड असते, विशेषतः दोन माणसे मुळातच सारखी असतील तर. आर्कफेससारखे चेहरा ओळखणारे मॉडेल प्रत्येक चेहऱ्याचे ५१२ आकडे काढते. दोन चेहऱ्यांचे आकडे ताडून साम्य मोजता येते. एकाच माणसाच्या दोन फोटोंत ते बरेच वर असते, अनोळखी माणसांत शून्याच्या आसपास. चित्रातले दोन चेहरे दोन्ही नमुन्यांशी ताडले, की चार आकडे मिळतात. समजा, चित्रातल्या आजोबांचे स्वतःच्या फोटोशी साम्य ०.६२ आणि नातीच्या फोटोशी ०.१४ आले. नातीचे स्वतःशी ०.३५ आणि आजोबांशी ०.२९ आले. म्हणजे आजोबा शाबूत आहेत, गळती नातीकडे आहे आणि दुसरी फेरी तिच्याच चेहऱ्यावर करायला हवी. आजोबा-नातीत रक्ताचे साम्य असतेच, म्हणून आधी दोन नमुना फोटोच एकमेकांशी ताडून घ्यायचे. ते साम्य ०.१२ निघाले, तर ०.१४ हा आकडा निर्दोष ठरतो. मात्र चित्र बनवताना हीच आकडेमोड वापरली गेली असेल, तर निकाल उगाच चांगला येतो. तेव्हा मोजणी दुसऱ्या मॉडेलने करावी. शिवाय केस आणि चष्मा यांबद्दल हे आकडे फारसे बोलत नाहीत. त्यासाठी साधी चाचणी आहे. गोंधळाचा तोच सुरुवातीचा नमुना, म्हणजे तोच सीड, आणि बाकी सगळे तेच ठेवून आजोबांचा फोटो काढून टाकायचा आणि चित्र पुन्हा करायचे. नातीच्या चेहऱ्यात या दोन चित्रांमध्ये जो फरक पडला, तो आजोबांच्या फोटोमुळे पडलेला.

जिथे दोन चेहरे खरोखरच एकमेकांवर येतात, तिथे हे उपाय कमी पडतात. गालाला गाल लावलेली मिठी किंवा आजोबांच्या खांद्यामागून डोकावणारी नात अशा चित्रांत मोकळी पट्टी ठेवायला जागाच नसते, आणि चौकोन कापला तरी दुसरा चेहरा त्यात येतोच. अशा वेळी दोघांना वेगवेगळे बनवून चित्रसंपादनाच्या साधनात थर लावून जोडतात आणि शेवटी फक्त सांध्यावर कमी तीव्रतेची एक फेरी देतात. ती ०.२५ च्या वर नेली, की चेहरे पुन्हा एकमेकांकडे सरकू लागण्याची शक्यता असते.