धनुर्वातासोबत घटसर्पालाही आवर

पायात खिळा घुसला की आपण धावतो ते टीटीच्या इंजेक्शनसाठी. त्याऐवजी टीडी मागावे. त्यात धनुर्वाताबरोबर घटसर्पाचीही लस असते, आणि टोचणे तेवढेच. सरकारी लसीकरणात दहाव्या व सोळाव्या वर्षी आता टीडीच देतात.

घटसर्प हा फक्त मुलांचा आजार, ही समजूत चुकीची आहे. लहानपणीच्या लसीचे संरक्षण वर्षांगणिक ओसरते, म्हणून दर दहा वर्षांनी बूस्टर घ्यायचा. घटसर्पाचे जंतू घशात विष तयार करतात. तिथे करडा, चिवट पापुद्रा धरतो. खरवडला तर रक्त येते. विष हृदयापर्यंत पोहोचू शकते. लस या विषाला निष्प्रभ करते. जंतू मात्र घशात राहू शकतात. असा पापुद्रा दिसला, मान सुजली, तर घरगुती गुळण्यांत वेळ न दवडता रुग्णालय गाठावे.

फ्लूची गोष्ट वेगळी. त्याचा विषाणू रूप बदलत राहतो, त्यामुळे लस दरवर्षी नवी. ती साध्या सर्दीवर चालत नाही आणि परिणामाला सुमारे दोन आठवडे लागतात. साठी ओलांडलेल्यांनी, मधुमेह्यांनी आणि गर्भवतींनी डॉक्टरांना विचारून ती साथीआधीच घ्यावी.