नळजोडणीचा अर्ज : मजकूर थोडा, नावाचा मेळ महत्त्वाचा

घराची वास्तुशांत होते, पाहुणे जेवून जातात आणि दुसऱ्या दिवसापासून शेजाऱ्याच्या नळावरून हंडे भरणे सुरू होते. नव्या घराला पाणी मिळवण्यासाठी लागणारा अर्ज दहा-बारा ओळींचा असतो. तो क्वचितच भाषेमुळे परत येतो. परत येतो तो सोबतच्या कागदांवरची नावे जुळत नाहीत म्हणून.

एखाद्या लहान शहराचे उदाहरण घेऊ. वडिलांच्या नावच्या प्लॉटवर मुलाने घर बांधले. वडील आता हयात नाहीत. बांधकाम परवानगी मुलाच्या नावाने निघाली, पण मालमत्ता पत्रकावर वडिलांचेच नाव आहे. नवे घर नगरपरिषदेच्या कर विभागात अजून नोंदलेले नाही, त्यामुळे करपावतीही फक्त मोकळ्या प्लॉटची आणि तीही वडिलांच्या नावाची. मुलगा अर्ज घेऊन पाणीपुरवठा विभागात जातो तेव्हा तिथला लिपिक एकच प्रश्न विचारतो, "बिल कोणाच्या नावाने काढायचे?"

या प्रश्नाचे उत्तर अर्जाच्या आधी तयार हवे. त्यासाठी पहिले काम म्हणजे भूमी अभिलेख कार्यालयात वारसनोंद करून घेणे. घरावर भावा-बहिणींचाही हक्क लागत असेल, तर जोडणी एकाच्या नावे देण्यास त्यांची ना हरकत लेखी घ्यावी लागते. दुसरे काम कर विभागात नव्या घराची आकारणी करून घेण्याचे. मालमत्ता क्रमांक मिळाला की पाणीपट्टीचे खातेही त्याला जोडता येते. खेड्यात हेच काम ग्रामपंचायतीच्या नमुना ८ च्या नोंदवहीत घराची नोंद लावून होते.

एवढे झाले की अर्ज सरळ लिहिता येतो :

प्रति,
मा. मुख्याधिकारी, नगरपरिषद (पाणीपुरवठा विभाग)

विषय : नवीन घरासाठी अर्धा इंची घरगुती नळजोडणी मिळणेबाबत.

महोदय,
सिटी सर्व्हे क्र. … येथे मी नवीन घर बांधले असून त्याचा मालमत्ता क्र. … आहे. घरात पाच माणसे राहतात. बांधकामासाठी घेतलेल्या तात्पुरत्या जोडणीचे बिल पूर्ण भरले आहे. तरी वरील पत्त्यावर घरगुती वापरासाठी कायम नळजोडणी द्यावी, ही विनंती. नियमांप्रमाणे अनामत, जोडणी शुल्क व रस्ता खोदाईचा खर्च भरण्यास मी तयार आहे.

सोबत : मालमत्ता पत्रक, बांधकाम परवानगी, भोगवटा प्रमाणपत्र, चालू वर्षाची करपावती, ओळखपत्र, वारसांची ना हरकत.

खाली सही, तारीख, पत्ता आणि मोबाइल क्रमांक लिहायचा. कागदांची यादी जागेनुसार थोडी बदलते, म्हणून कार्यालयातला छापील नमुना आधी मागून घ्यावा.

तात्पुरत्या जोडणीचा उल्लेख मुद्दाम केला आहे. बांधकामासाठी घेतलेला नळ तसाच चालू राहील, असे अनेकांना वाटते. पण त्याचा दर वेगळा असतो. तो नळ रीतसर बंद किंवा घरगुती करून घेतला नाही, तर जादा दराचे बिल चढत राहते.

अर्जानंतर विभागाचा माणूस जागा पाहायला येतो. मुख्य जलवाहिनी घरापासून किती दूर आहे आणि मध्ये कोणता रस्ता आहे, यावर खर्च ठरतो. रस्ता सार्वजनिक बांधकाम विभागाचा असेल, तर खोदाईची परवानगी त्या विभागाकडून घ्यावी लागते आणि त्यात वेळ जातो. पाहणीच्या वेळी घरमालकाने हजर राहून नळाची वाट कुठून जाणार, हे बघावे. पाइप गटारातून नेला आणि सांधा गळू लागला, की पुरवठा बंद असताना घाण पाणी आत ओढले जाते. सुरुवातीच्या पाण्याला वास येणे किंवा ते गढूळ असणे, ही त्याची खूण.

महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, 2015 नुसार प्रत्येक कार्यालयाने आपल्या अधिसूचित सेवा, त्यांची मुदत आणि जबाबदार अधिकाऱ्याचे पदनाम फलकावर लावायचे असते. मुदत मोजली जाते ती परिपूर्ण अर्ज दिल्यापासून. म्हणजे एक कागद कमी असेल, तर दिवस मोजणे सुरूच होत नाही. म्हणून अर्ज दोन प्रतींत न्यावा आणि आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख व आवक क्रमांक घ्यावा. मुदत टळली किंवा अर्ज नाकारला गेला, तर 30 दिवसांच्या आत प्रथम अपील करता येते आणि त्या अपिलाला जोडायचा पहिला कागद म्हणजे हीच शिक्क्याची प्रत.