शनिवारी रात्री साडेबारा म्हणजे नेमके कधी?

बँकेचा मेसेज येतो : ‘नियोजित देखभालीसाठी 14 तारखेला 00.30 ते 02.30 या वेळेत सेवा बंद राहतील.’ आपण वाचतो आणि 14 तारखेची रात्र डोक्यात ठेवतो. पण 00.30 म्हणजे मध्यरात्र उलटून अर्धा तास. सेवा बंद होणार ती 13 तारखेला जेवून झोपल्यावर, म्हणजे आपण समजतो त्याच्या एक रात्र आधीच.

मीही असाच फसलो. वडिलांचं औषध आणायला रात्री पाऊणच्या सुमाराला चोवीस तास उघड्या असणाऱ्या मेडिकलमध्ये गेलो. 1,860 रुपये यूपीआयने पाठवले. खात्यातून पैसे वजा झाल्याचा मेसेज आला, पण दुकानातल्या स्पीकरमधून आवाज काही येईना. ॲपवर ‘पेंडिंग’. दुकानदार म्हणाला, “दादा, आले नाहीत अजून.” घाई होती, म्हणून दुसऱ्या बँकेच्या खात्यातून पुन्हा पैसे दिले आणि निघालो. सकाळी पहिले पैसेही त्याच्याकडे जमा झालेले. माणूस सज्जन, त्याने परत केले. चूक मात्र माझी होती, कारण ‘पेंडिंग’ म्हणजे ‘फेल’ नव्हे.

यूपीआयच्या एका व्यवहारात दोन बँकांच्या वह्यांत दोन नोंदी होतात. तुमच्या बँकेत नावे, दुकानदाराच्या बँकेत जमा. मधे निरोप पोहोचवणारी यंत्रणा एनपीसीआयची. तुमच्या बँकेने नावे नोंद केली आणि त्याच वेळी समोरच्या बँकेचं उत्तर आलं नाही, तर पैसे अधांतरी राहतात. नंतर दोन्हींकडचा हिशेब ताडून पाहिला जातो आणि मग ते एक तर पोहोचतात, नाही तर परत येतात. म्हणून बंद तुमचीच बँक असायला हवी असं नाही. समोरच्याची असली तरी तेच होतं. ॲप नीट उघडतंय, नेट चालू आहे, यावरून काहीच कळत नाही.

देखभालीच्या वेळी बँका नोंदी थांबवतात, कारण खातेवही एका यंत्रणेतून दुसरीत हलवताना तिच्यात नव्या ओळी पडत राहिल्या तर शिल्लक जुळणार नाही. एचडीएफसी बँकेने 13 जुलै 2024 रोजी, दुसऱ्या शनिवारच्या सुट्टीत, आपली मूळ यंत्रणा नव्या जागी नेली. काम पहाटे 3 ते दुपारी 4.30 चाललं, पण यूपीआय त्यात दोनदाच बंद ठेवलं होतं : पहाटे 3 ते 3.45 आणि सकाळी 9.30 ते दुपारी 12.45. म्हणजे दादरच्या फुलबाजारात पहाटे चारला माल घेणाऱ्या या बँकेच्या ग्राहकाला पैसे देता येत होते, पण अकरा वाजता उधारी चुकवायला बसला असता तर नाही. एटीएममधून ठरावीक मर्यादेतच रोकड मिळत होती आणि खात्यात दिसणारी शिल्लक आदल्या संध्याकाळी साडेसातची होती. मेसेजमध्ये एकूण वेळेपेक्षा हेच बारकाईने वाचावं : कोणती सेवा, किती ते किती, आणि दिसणारी शिल्लक कधीची.

मोठे पैसे पाठवायचे असतील तर ते अर्धा तास आधी उरकावेत. अधांतरी अडकण्याचा धोका बंद होण्याच्या अगदी तोंडावर जास्त असतो. किरकोळ खर्चासाठी यूपीआय लाइटमध्ये आधीच पैसे भरून ठेवता येतात. त्यात एकूण 5,000 रुपये ठेवता येतात आणि एका वेळी 1,000 पर्यंत देता येतात. हे पैसे खात्यातून आधीच बाजूला काढलेले असल्यामुळे प्रत्येक व्यवहाराला मूळ खातेवही उघडावी लागत नाही. म्हणून काही बँका अशा वेळी हा पर्याय सुचवतात. मात्र बंद सुरू झाल्यावर त्यात पैसे भरायला गेलात तर उपयोग नाही. खिशात थोडी रोख असलेली बरी, निदान रात्रीच्या रिक्षापुरती तरी.

आणि तरीही अडकलेच, तर पुन्हा पाठवू नका. दुकानदाराला स्क्रीन दाखवा, जमलं तर रोख द्या आणि ॲपच्या व्यवहार यादीतला बारा आकडी क्रमांक टिपून ठेवा. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर 2019 च्या नियमाप्रमाणे, एका व्यक्तीने दुसऱ्याला पाठवलेले आणि न पोहोचलेले पैसे व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत आपोआप परत यायला हवेत. दुकानदाराला दिलेल्यांसाठी ही मुदत पाच दिवसांची आहे. त्यानंतर दर दिवसाला 100 रुपये भरपाई देणं बँकेवर बंधनकारक आहे आणि ती तक्रारीची वाट न पाहता खात्यात जमा व्हायला हवी. नाही झाली, तर बँकेकडे लेखी तक्रार करताना तो बारा आकडी क्रमांक, तारीख आणि वेळ लिहा. तारीख लिहिताना मध्यरात्र कोणत्या बाजूला पडते ते मात्र पाहून घ्या.